आधी नाव, मग जय जिनेंद्र

जय जिनेंद्र, मैत्रिणींनो.

समोरासमोर भेटल्यावर हे दोन शब्द म्हणायला आणि त्यांचं उत्तर मिळायला मिळून दोन सेकंद लागतात. देवळाच्या पायरीवर चपला काढता काढता आपण चार जणींना जय जिनेंद्र म्हणून मोकळ्या होतो. व्हिडिओ कॉलवर मात्र याच दोन शब्दांची फार ओढाताण होते. सहा जणी एकदम म्हणतात, त्यातलं कुणाचंच नीट ऐकू येत नाही. मग सगळ्या एकदम गप्प होतात. मग दोघी एकदम बोलायला लागतात, दोघीही थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला" असं होतं, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी सगळ्यांना जय जिनेंद्र करून जाते.

आमच्या सासरचं कुटुंब सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि थेट न्यूजर्सी असं पसरलेलं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता आम्ही सगळे झूमवर भेटतो. चौदा घरं, म्हणजे चौदा चौकटी. वेळ आठची ठेवली, कारण आमच्याकडची जेवणं सूर्यास्तापूर्वीच उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो आणि घरं शांत असतात. न्यूजर्सीला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीत त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेनऊ. म्हणजे मिक्सर आणि कुकर वाजतो तो तिकडून. शुभ रात्री म्हणावं की शुभ सकाळ, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. जय जिनेंद्र कुठल्याही वेळेला चालतं.

गेली काही वर्षं या भेटीची व्यवस्था माझ्याकडे आहे. आज फक्त पहिल्या पाच मिनिटांबद्दल लिहिते. बाकीच्या गप्पा आपोआप होतात. सगळं अडतं ते सुरुवातीलाच, आणि तिथे अडलं की माणसं मनाला काहीबाही लावून घेतात.

उत्तर उशिरा का येतं

समोरासमोरच्या बोलण्यात एकीचं वाक्य संपलं की दुसरी किती वेळाने बोलते, हे भाषेच्या अभ्यासकांनी मोजलेलं आहे. २००९ साली जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषा कितीही वेगळ्या असल्या तरी उत्तरापूर्वीची ती फट साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आसपास भरली. इतक्या थोड्या वेळात विचार करून बोलणं शक्यच नाही. म्हणजे समोरचीचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर तयार करून बसलेलो असतो. आपल्या कानाला या लयीची इतकी सवय आहे की ती जरा लांबली तरी मनात येतं, "ही का थांबली? हिला पटलं नाही का?"

आता कॉलवर काय होतं ते पाहा. मी पुण्यात "जय जिनेंद्र" म्हणते. माझा फोन त्या आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो, त्यांची घडी घालतो आणि एकेक पाठवून देतो. पुणे ते न्यूजर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ असती तरी एक सोळांश सेकंद गेलाच. पण तार सरळ नसते, समुद्राखालून वळसे घेत जाते, मधे सर्व्हर लागतात. शिवाय पलीकडचा फोन येणारे तुकडे लगेच वाजवत नाही. काही तुकडे लवकर पोचतात, काही रेंगाळतात, म्हणून तो थोडे तुकडे जमवतो, क्रमाने लावतो आणि मग वाजवतो. असं करता करता एका बाजूचा पाव सेकंद सहज होतो. तिचं उत्तर यायला पुन्हा पाव सेकंद. तिने नेहमीच्याच चपळाईने उत्तर दिलं तरी मला ते पाऊण सेकंदाने ऐकू येतं. तिच्या बाजूने ती अजिबात थांबलेली नसते. माझ्या बाजूने मात्र ती विचारात पडलेली असते.

दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही, असं धरलेलं आहे. आमची सांगली-पुणे जोडी बरेचदा त्यात बसते. न्यूजर्सी बसत नाही. कितीही महागाचं वायफाय घेतलं तरी अंतर काही कमी होत नाही, एवढं समजून घेतलं की निम्मी चिडचिड तिथेच संपते.

"तुम्ही बोला, तुम्ही बोला" याचं मूळही हेच आहे. शांतता आहे असं पाहून मी बोलायला लागते. त्याच क्षणी तिकडे वन्संनाही शांतताच ऐकू येत असते, कारण माझा आवाज अजून वाटेत असतो. त्याही सुरू करतात. पाव सेकंदाने दोघींना एकमेकींचा आवाज येतो, दोघी सभ्य असल्यामुळे दोघीही थांबतात, पुन्हा शांतता होते आणि पुन्हा दोघी एकदम सुरू करतात. यात कुणी कुणाचं बोलणं तोडलेलं नसतं.

एक क्षमावाणी

हे सगळं मी एवढं का सांगते आहे, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वीच्या क्षमावाणीला घडलेली गोष्ट सांगते. ज्यांची आहे त्या दोघींनी लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलं आहे.

दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपलं की भाद्रपद वद्य प्रतिपदेला आपण एकमेकांना उत्तम क्षमा म्हणतो. त्या वर्षी सगळ्यांना सांगलीला जाणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळी कॉल ठेवला होता. त्या दिवशी व्यवस्था मुंबईच्या पुतण्याकडे होती. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, आणि न्यूजर्सीच्या धाकट्या वन्सं यांच्यात सासूबाईंच्या आजारपणातल्या एका वाक्यावरून बोलणं बंद झालं होतं. कॉलवर दोघी असायच्या, पण एकमेकींशी शब्द नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच विषय काढत नव्हतं.

सगळ्यांचं उत्तम क्षमा म्हणून होत आलं तेव्हा आक्का एकदम म्हणाल्या, "वन्सं, तुम्हालाही माझं उत्तम क्षमा. मनापासून."

सगळ्या चौकटी स्तब्ध झाल्या. न्यूजर्सीची चौकट काळी होती, नेटला ताण नको म्हणून तिकडे कॅमेरा बंद होता. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले. कॉलवर तीन सेकंद फार मोठे असतात. पुतण्याला ती शांतता सोसली नाही. "चला, आता आजोबांना ऐकू या," म्हणून तो पुढे गेला. आक्कांनी पदर सारखा केला आणि उरलेल्या वेळात एक शब्द बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाचीचा मला फोन आला. वेगळ्याच कामासाठी होता, पण बोलता बोलता म्हणाली, "मामी, आई रविवारपासून गप्प गप्प आहे. ती म्हणते, मी दोनदा उत्तम क्षमा म्हटलं, रडलेसुद्धा, आणि वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं." मी विचारलं, "अगं, माईक?" पलीकडे शांतता. या वेळी खरीखुरी. मग ती म्हणाली, "आईला माईक चालू करता येत नाही मामी. तो मी करते. मी तेव्हा खाली होते."

आक्कांना मी लगेच फोन लावला. त्यांचं म्हणणं होतं, "मला वाटलं, तिनं मुद्दामच उत्तर दिलं नाही. चारचौघांत बोलले मी, आणि तिनं चारचौघांत पाडलं मला." दोघींनी एकमेकींना क्षमा केली होती आणि दोघींना वाटत होतं की समोरचीने केली नाही. त्या रात्री आक्कांनी साधा फोन लावला, व्हिडिओ नाही, काही नाही. पाऊण तास बोलल्या.

जर्मनीतल्या काही संशोधकांनी २०१४ साली नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. दोन अनोळखी माणसांना फोनवर बोलायला लावलं आणि मधे मुद्दाम उशीर घातला. ऐकणाऱ्यांनी त्याचा दोष लाइनला दिला नाही, पलीकडच्या माणसाला दिला: त्याचं लक्ष नाही, तो मोकळा नाही. अनोळखी माणसांचं असं होतं, तर जिच्याशी आधीच अबोला आहे तिच्याबद्दल मनात काय येईल, ते सांगायला संशोधक नको.

आता आम्ही कसं करतो

त्यानंतर आम्ही पहिल्या पाच मिनिटांची एक पद्धत बसवली. ती सांगते.

पहिली गोष्ट, आत येताना सगळ्यांचे माईक बंद असतात. झूममध्ये भेट ठरवतानाच "Mute participants upon entry" नावाची खूण करता येते. नाहीतर येणारी प्रत्येक जण आपल्या घरातला टीव्ही, पंखा आणि नातवाचं रडणं घेऊनच येते. आधी आलेल्यांशी गप्पा मारायला मी सात पन्नासलाच दार उघडते. त्या दहा मिनिटांत ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांचं निस्तरून होतं.

दुसरी गोष्ट, सगळ्यांनी मिळून जय जिनेंद्र म्हणायचं नाही. कानाला हे फार कोरडं वाटतं, मला माहीत आहे. पण असे कॉल एका वेळी एकीचं बोलणं नीट पोचावं अशा बेताने बांधलेले असतात. अनेक आवाज एकदम आले की ते दाबले जातात, तुटतात. त्याऐवजी मी एकेकीला नावाने हाक मारते, घरातल्या वयाच्या क्रमाने. आणि हाक मारताना नाव आधी, नमस्कार मग. "आक्का... जय जिनेंद्र." असं का? कारण नाव ऐकलं की तिचा हात बटणाकडे जातो. मी "जय जिनेंद्र आक्का" म्हटलं तर वाक्य संपेपर्यंत कुणासाठी आहे ते कळत नाही आणि मग सगळ्याच बटण शोधतात किंवा कुणीच शोधत नाही.

तिसरी गोष्ट थांबण्याची. नाव घेतल्यावर ती ऐकणार, चष्मा सारखा करणार, पडद्यावर बोट लावून गेलेली बटणं वर आणणार, माईकचं चित्र शोधणार, ते दाबणार आणि मग बोलणार. सत्तरीच्या बाईला याला पाच-सहा सेकंद लागतात. शिवाय वाटेतला उशीर. म्हणून हाक मारल्यावर मी मनातल्या मनात दहा आकडे मोजते, सावकाश. दहापर्यंत तोंड उघडायचं नाही, "ऐकू येतंय का?" असंही विचारायचं नाही. कारण मी विचारते तेव्हा ती नेमकी बोलत असते आणि दोघींचं एकमेकींवर आदळतं. दहा झाले तरी उत्तर नाही, तर मी प्रश्न न विचारता सांगते: "आक्का, तुमचा माईक बंद दिसतोय, तांबडी रेघ आहे त्यावर. आम्ही थांबलोय." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. "ऐकू येतंय का" ने माणूस गडबडतो. "आम्ही थांबलोय" ने शांत होतो.

बोलणाऱ्यांसाठीही एक युक्ती आहे. माईक उघडल्या उघडल्या बोललेला पहिला शब्द बरेचदा कापला जातो. आमच्याकडे कितीतरी दिवस काकूंचं फक्त "...नेंद्र" यायचं. आता आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय, आधी "हं" म्हणा, श्वास घ्या, मग बोला. कापलं गेलं तर "हं" कापलं जाईल.

हिशेब पाहायचा तर एकेकीला साधारण पंधरा सेकंद लागतात. चौदा घरांचे साडेतीन मिनिटं. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी भेट बंद होते, त्यातली साडेतीन मिनिटं मी आनंदाने देते. पूर्वी "कोण बोलतंय, ऐकू येतंय का" यात दहा मिनिटं जायची आणि तरी दोघी-तिघींचा नमस्कार राहूनच जायचा. पंचवीस-तीस घरांचा गट असेल तर मात्र हे जमणार नाही. तिथे यजमान बाईने सगळ्यांची नावं घेऊन एकदाच जय जिनेंद्र म्हणावं आणि बाकीच्यांनी हात जोडून दाखवावेत. जोडलेल्या हातांना माईक लागत नाही.

आक्का-वन्संच्या प्रसंगानंतर क्षमावाणीपुरता आणखी एक नियम केला. उत्तम क्षमा म्हटलं की दोन्ही आवाज सगळ्यांच्या कानांवर पडल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. आणि त्या दिवशी प्रत्येकीने शक्य असेल तर तेवढ्या वेळेपुरता कॅमेरा चालू ठेवायचा. आवाज आला नाही तरी ओठ हललेले दिसतात.

उघडा राहिलेला माईक

बंद माईकने अबोला वाढतो, उघड्या माईकने वेगळेच प्रकार होतात. कुणाच्या घरातली मालिका ऐकू येते, कुणी भाजीवाल्याशी घासाघीस करतं. एकदा एका घरातून स्पष्ट ऐकू आलं, "आणि हे अजून किती वेळ चालणार?" सगळ्या चौकटींमधले चेहरे एकदम खाली गेले.

अशा वेळी काय करावं याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याच्याकडे कॉलची व्यवस्था आहे त्याला दुसऱ्याचा माईक बंद करता येतो. तो लगेच, न बोलता बंद करावा. "अहो, तुमच्या घरातलं सगळं ऐकू येतंय" असं आधी जाहीर करून मग बंद केला, तर जे चौघांनी ऐकलं नव्हतं तेही ऐकायला कान टवकारतात. नंतर त्याचा उल्लेख नाही, हसणं नाही, व्हॉट्सॲपवर स्मायली नाही. दाराआडून ऐकू आलेलं आपण जसं विसरतो तसं विसरावं. भाषा समिती नुसती बोलणारीने पाळून भागत नाही.

दुसऱ्याचा माईक बंद करता येतो, पण परस्पर उघडता येत नाही, हेही लक्षात ठेवा. यजमानाने "Ask to Unmute" दाबलं की समोरच्या पडद्यावर विचारणा जाते, होकार तिनेच द्यायचा. हे योग्यच आहे. कुणाच्या घरातला आवाज तिच्या नकळत सगळ्यांना ऐकवता येऊ नये. ज्या आजी साध्या फोनवरून नंबर फिरवून कॉलमध्ये येतात, त्यांना पडदाच नसतो. त्यांनी *6 दाबलं की माईक उघडतो, पुन्हा दाबलं की बंद होतो. वन्संच्या घरी भाचीने आता फ्रीजवर कागद लावलाय, त्यावर माईकचं चित्र मोठं काढून खाली लिहिलंय, "रेघ असेल तर बंद."

उघड्या माईकचा आणखी एक त्रास म्हणजे घुमणारा आवाज. आपण बोललो की आपलाच आवाज जरा वेळाने परत येतो. यात एक गंमत आहे. दोष जिच्याकडे असतो तिला तो ऐकूच येत नाही. समजा, मी बोलते आहे. कोल्हापूरच्या मावशींचा स्पीकर मोठा आहे, त्यातून निघालेला माझा आवाज त्यांच्याच माईकमध्ये शिरतो आणि सगळ्यांकडे परत जातो. मला तो घुमून येतो, बाकीच्यांना माझं बोलणं दोनदा ऐकू येतं, आणि मावशी म्हणतात, "माझ्याकडे तर अगदी छान येतंय!" जी असं म्हणते तिच्याकडे आधी पाहा. एकेकीचा माईक बंद करत गेलं की जिच्यापाशी आवाज घुमायचा थांबतो तिथे दोष. स्पीकरचा आवाज कमी केला किंवा कानात वायर घातली की मिटतं. एकाच खोलीत मुलाचा लॅपटॉप आणि आईचा फोन दोन्ही त्याच कॉलमध्ये असले तर शिट्टीसारखी किंकाळी येते. तेव्हा एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचे, नुसता माईक पुरत नाही.

आवाज तुटत असेल तर दोष कुठे हेही कळतं. एकीचाच तुटतो, बाकी सगळ्या नीट येतात, तर तिचं नेट कमी पडतंय. तिला कॅमेरा बंद करून पाहायला सांगावं. सगळ्यांचेच आवाज तुटत असतील तर आपलं. अशा वेळी "तुमचा आवाज येत नाही" असं चौदा जणींना सांगत बसू नये, उठून राउटरजवळ जाऊन बसावं.

णमोकार कसा म्हणायचा

आमची भेट णमोकार मंत्राने सुरू होते. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी माईक उघडे ठेवून म्हणायचा प्रयत्न झाला होता. न्यूजर्सीचं "णमो सिद्धाणं" पोचेपर्यंत सांगली "णमो आइरियाणं" वर असायची, आणि प्रत्येक जण दुसरीसाठी थांबल्यामुळे चाल उत्तरोत्तर मंदावत जायची. वाटेतला उशीर असेपर्यंत कुठल्याही ॲपवर असंच होणार, सरावाने ते सुधारत नाही.

आता एकच जण माईक उघडा ठेवून म्हणते, बाकीच्या सगळ्या माईक बंद ठेवून आपापल्या घरी तिच्याबरोबर मोठ्याने म्हणतात. प्रत्येकीला सांगणारीचा आवाज ऐकू येतो, स्वतःचा ऐकू येतो, आणि दोन्ही बरोबर जुळतात. पाव सेकंद उशिरा का होईना, पण जुळतात, कारण तिने कुणासाठी थांबायचं नसतं. सांगणारीला मात्र कुणाचाच आवाज येत नाही. एकटीने रिकाम्या खोलीत म्हणाल्यासारखं वाटतं तिला, म्हणून ही पाळी आम्ही दर महिन्याला फिरती ठेवली आहे. त्या वेळी कॅमेरे चालू ठेवायचे, म्हणजे तिला निदान हलणारे ओठ दिसतात. मागे तंबोऱ्याचा सूर किंवा घंटा ठेवायची हौस असेल तर ती गळून जाते, कारण एकसारखा चालणारा सूर म्हणजे पंख्याची घरघर असं समजून झूम तो पुसून टाकतं. लॅपटॉपवर "Original sound for musicians" हा पर्याय चालू केला की तो टिकतो. मोबाइलवर खटपट नको, नुसता गळा पुरे.

गेल्या क्षमावाणीला हाक मारण्याचं काम माझ्याकडे होतं. वयाच्या क्रमाने आक्कांचं नाव आधी आलं. त्या "हं" म्हणाल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वन्सं, उत्तम क्षमा." मी मोजायला लागले. चार झाले, पाच झाले. न्यूजर्सीच्या चौकटीत वन्सं वाकून काहीतरी शोधत होत्या, आणि आक्का आपल्या चौकटीत हात जोडून, अगदी निवांत, वाट पाहत होत्या. सातावर आवाज आला.